डेडलिफ्ट दोनशेची, दम चार मजल्यांचा: वजन उचलणाऱ्यांसाठी रोइंग मशीन

२०२५ मध्ये हायरॉक्स ही स्पर्धा मुंबईत झाली आणि जिमच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या रोइंग मशीनला अचानक भाव आला. या स्पर्धेत आठ वेळा एकेक किलोमीटर धावायचं असतं आणि प्रत्येक किलोमीटरनंतर एक काम असतं. पाचवं काम म्हणजे या मशीनवर १,००० मीटर वल्हवणं. स्पर्धेशी देणंघेणं नसलेलेही आता त्यावर बसायला लागलेत. त्यातही वजन उचलणारे जास्त. यांची डेडलिफ्ट दोनशेच्या घरात असते, पण सोसायटीची लिफ्ट बंद पडली की चौथ्या मजल्यावर पोहोचल्यावर दोन मिनिटं ते कुणाशी बोलत नाहीत.

त्यांचा पहिला दिवस बहुतेक वेळा सारखाच जातो. बाजूची खिट्टी दहावर, दांडा दोन्ही मुठींत आवळलेला, आणि मग हातांनी दणादण ओढणं. पहिलं मिनिट जोरात जातं, चौथ्या मिनिटाला डोळ्यांसमोर काजवे चमकतात, दुसऱ्या दिवशी कंबर धरते. मग निकाल लागतो: रोइंग कंबरेला वाईट. मशीनवर हा आरोप थोडा खरा आणि बराचसा खोटा आहे. नेमकं काय होतं ते कळायला आधी मशीनच्या पोटात डोकावू.

## मशीनमध्ये वजन नसतंच

जिममधली बाकीची यंत्रं वजनावर चालतात. चाळीस किलोची खिट्टी लावली की चाळीस किलो. हवेवर चालणाऱ्या रोइंग मशीनमध्ये वजन नसतं, पंख्यासारखी पाती लावलेलं एक जड चाक असतं. तुम्ही साखळी ओढता, चाक फिरतं आणि हवा त्याला अडवते. जितक्या वेगानं फिरवाल तितकी हवा जास्त अडवते. म्हणजे विरोध किती हे मशीन नाही, तुम्ही ठरवता.

जातं आठवा. थांबलेलं जातं सुरू करायला जोर लागतो. एकदा फिरायला लागलं की हात त्याच्यापेक्षा वेगानं नेला तरच त्याला काही मिळतं, नाहीतर हात नुसता खुंट्यासोबत फिरतो. रोइंगचं चाक तसंच आहे. दोन ओढींच्या मध्ये ते थोडं मंदावतं आणि पुढच्या वेळी त्याला पुन्हा पकडायचं असतं.

बाजूच्या खिट्टीला डॅम्पर म्हणतात. चाकापर्यंत किती हवा जाऊ द्यायची एवढंच ती ठरवते. दहावर ठेवली तर हवा भरपूर जाते, चाक लवकर मंदावतं आणि प्रत्येक ओढ जवळजवळ थांबलेलं जातं हलवल्यासारखी जड सुरू होते. तीनवर ठेवली तर चाक फिरतं राहतं आणि त्याला पकडायला पाय चपळ लागतात. सायकलच्या गिअरसारखं आहे हे. वरच्या गिअरला सायकल जड लागते म्हणून व्यायाम आपोआप जास्त होत नाही. लिफ्टरला जड आवडतं, म्हणून तो दहावर जातो. पण ओढीच्या सुरुवातीला, म्हणजे शरीर सगळ्यात जास्त दुमडलेलं असताना, तो जडपणा थेट कमरेत उतरतो.

खिट्टीवरच्या आकड्यावर फार विसंबूही नका. जाळीत धूळ साठली की हवा कमी जाते. आमच्याकडच्या रस्त्याकडेच्या जिममध्ये दहावर ठेवलेलं मशीन स्वच्छ मशीनच्या पाचसारखं चालू शकतं. कॉन्सेप्ट टू कंपनीच्या मशीनवर खरा आकडा बघायची सोय आहे: पडद्यावर More Options मध्ये जाऊन Display Drag Factor निवडा आणि दहाबारा वेळा ओढा. हवा चाकाला किती अडवते याचं हे माप. ११० ते १३० च्या दरम्यान आलं की झालं. स्वच्छ मशीनवर त्यासाठी खिट्टी साधारण तीन ते पाचच्या मध्ये असते. आणि कमी ठेवल्यानं गुण कमी मिळतील ही भीती नको. दर ओढीनंतर चाक किती मंदावलं हे मशीन स्वतः मोजतं आणि त्याप्रमाणे हिशेब लावतं.

## पडद्यावरचा एक फसवा आकडा

पडद्यावर मुख्य आकडा असतो तो ५०० मीटरला लागणाऱ्या वेळेचा. याला स्प्लिट म्हणतात. २:२० म्हणजे याच वेगानं गेलात तर ५०० मीटरला दोन मिनिटं वीस सेकंद. आकडा जितका कमी तितका वेग जास्त.

फसवा यासाठी की वेग आणि मेहनत सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. २:२० ला सुमारे १२७ वॉट लागतात, २:०० ला सुमारे २०२ आणि १:४० ला ३५०. १:५० वरून १:४० वर यायला, म्हणजे फक्त दहा सेकंद कमी करायला, ताकद एक तृतीयांशानं वाढवावी लागते. बारवर शंभरचे एकशे तेहतीस किलो केल्यासारखं आहे हे. बारवर आपण अशी उडी विचार न करता मारणार नाही. मशीनवर मात्र पहिल्या तीस सेकंदांत सहज मारतो, कारण तिथे प्लेट चढवावी लागत नाही.

## ओढायचं नाही, ढकलायचं

होडीत वल्हं पाण्यात रोवलं जातं आणि खेळाडू पायांनी स्वतःला मागे रेटतो. होडी पुढे जाते ती पायांच्या जोरावर. हात वल्ह्याला धरून ठेवतात आणि अगदी शेवटी थोडं काम करतात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेले आणि एकट्यानं वल्हवायच्या शर्यतीत तेरावे आले. सैन्यात भरती होईपर्यंत त्यांनी वल्हं हातात धरलं नव्हतं. त्याआधी वडिलांसोबत विहिरी खोदल्या होत्या. खोदकामात फावडं हातात असतं, पण ज्यानं दिवसभर माती उपसली आहे त्याला जोर मांड्यांतून येतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

डेडलिफ्ट करणाऱ्याला तर हे निम्मं आधीच येतं. जमिनीवरून बार सोडवताना पहिला जोर पायांचा, मग पाठ उघडते, हात मात्र दोरीसारखे सरळ. रोइंगची ओढ म्हणजे आडवी डेडलिफ्ट, शेवटी छातीकडे हात ओढण्याची जोड दिलेली.

आधी पाय नीट बांधा. पट्टा पायाच्या बोटांच्या मुळाशी, पाऊल सगळ्यात रुंद असतं तिथे यायला हवा. बुटाच्या नाडीवर घट्ट आवळला तर पाऊल वाकत नाही.

पुढची स्थिती, जिला कॅच म्हणतात: गुडघे दुमडलेले, नडग्या उभ्या, हात सरळ, आणि धड कमरेतून नव्हे तर खुब्यातून पुढे झुकलेलं. घड्याळाच्या भाषेत धड एकच्या काट्यावर. नडगी उभी झाली की थांबायचं, आणखी पुढे सरकायचं नाही. जाड मांड्यांच्या आणि थोडं पोट असलेल्या माणसाला इथे जागाच उरत नाही आणि तो कंबर गोल करून ती जागा काढतो. त्यावर उपाय म्हणजे पाऊल ठेवायची पट्टी एकदोन खाचा खाली घेणं. पाय खाली गेले की खुब्याला वाकायला वाव मिळतो. टाचा जराशा उचलल्या गेल्या तरी चालतं.

आता पायांनी ढकला. निम्म्याहून जास्त अंतर फक्त पाय काम करतात, धड तसंच पुढे झुकलेलं. पाय सरळ व्हायला आले की धड एकवरून अकरावर येतं. मग हात वाकतात आणि दांडा छातीच्या खाली, बरगड्या संपतात तिथे टेकतो. परत जाताना सगळं उलट्या क्रमानं: आधी हात सरळ, मग धड पुढे, आणि दांडा गुडघ्यांच्या पलीकडे गेला की मगच गुडघे दुमडायचे.

ताल झोक्याचा ठेवा. झोक्याला धक्का झटकन दिला जातो, पण परत येताना झोका त्याच्या वेळेनं येतो. ढकलायला एक भाग वेळ लागला तर परतीला दोन भाग द्या. मिनिटाला वीस ओढी म्हणजे तीन सेकंदांची एक ओढ: एक सेकंद ढकलणं, दोन सेकंद परतणं. नवख्याला हे हास्यास्पद वाटण्याइतकं संथ वाटतं.

श्वासाचंही सांगून टाकतो. लिफ्टरला पोटात हवा भरून, श्वास रोखून जोर लावायची सवय असते. एका रेपला ते बरोबर आहे, चारशे ओढींना नाही. पोट हलकं आवळलेलं ठेवा आणि प्रत्येक ढकलण्याच्या शेवटी श्वास सोडा.

## कुठे चुकतंय ते कसं ओळखायचं

बाजूनं मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. आरशात बघायला मान वळवली की सगळंच बिघडतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बूड आधी सटकणं. पाय ढकलतात, सीट मागे जाते, पण दांडा जागेवरच राहतो, कारण धड ढिलं पडून आणखी पुढे वाकतं. मग पाय संपल्यावर सगळा भार एकटी कंबर उचलते. डेडलिफ्टमध्ये बार जमिनीवर असताना ढुंगण आधी वर येतं, तीच ही चूक. व्हिडिओत सीट आणि दांडा एकाच क्षणी, सारख्या वेगानं हलतात का तेवढंच बघा. हलत नसतील तर हात सरळ आणि धड पुढे झुकलेलंच ठेवून फक्त पायांनी अर्ध्या अंतराच्या दहा ओढी मारा. सीट हलली आणि साखळी हलली नाही असं होता कामा नये. दोन आठवडे प्रत्येक वेळी सुरुवातीला एवढं केलं तर शरीर शिकतं.

दुसरी चूक हातांची. कोपर आधीच वाकतं, कारण ‘रो’ म्हटलं की लिफ्टरला केबलवरची ओढ आठवते. ओळखायला व्हिडिओसुद्धा नको. दहा मिनिटांत पाय ताजे आणि कोपराखालचे स्नायू फुगलेले असतील तर तुम्ही हातांनी ओढताय. दांडा बोटांच्या आकड्यात अडकवा, बादलीची कडी धरतो तसा. आवळू नका.

तिसरी चूक परतीची घाई. पुढे आपटत जायचं आणि तिथून उसळी घ्यायची. पायाचे पट्टे सोडून पाच मिनिटं वल्हवून बघा. शेवटी फार मागे रेलत असाल किंवा पट्ट्यांना लोंबकळून परत येत असाल, तर पाय सुटतील आणि आपोआप कळेल.

## हलकं म्हणजे खरंच हलकं

लिफ्टरच्या दमाचा पाया बांधला जातो तो हलक्या, लांब वल्हवण्यात. वीस ते तीस मिनिटं, मिनिटाला १८ ते २२ ओढी, आणि शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतपतच जोर. बोलताना वाक्य मधे तुटलं तर वेग कमी करा. याला स्थिर गती म्हणू.

इथे अहंकार आड येतो. मध्यम जोरात, घामाघूम होऊन वीस मिनिटं काढली की काम केल्यासारखं वाटतं. पण तो मधला प्रदेश सगळ्यात वाईट: इतका जड की उद्याचे स्क्वॉट बिघडतात, आणि इतका जड नाही की इंटरव्हलचा फायदा मिळावा. तालमीत जुने वस्ताद दमसास वाढवायला सांगतात तेव्हा त्यांच्या मनात रोज छातीफोड करणं नसतं.

पण हलक्याचीही एक किंमत आहे आणि ती मोजायला हवी. समजा कुणी १५० वॉटनं, मिनिटाला २० ओढी मारतो. एका ओढीत त्यानं ४५० ज्यूल काम केलं. ओढीची लांबी सुमारे १.४ मीटर धरली तर सरासरी जोर साधारण ३३ किलो वजनाएवढा येतो. ३३ किलो म्हणजे डेडलिफ्टरसाठी काहीच नाही. पण वीस मिनिटांत तो हे ४०० वेळा करतो आणि ४०० वेळा पुढे झुकतो. डेडलिफ्टच्या दिवशी त्याचे सगळे मिळून पंचवीस-तीस रेप होत असतील. म्हणून लिफ्टरनं रोइंगचा डोस मिनिटांबरोबर ओढींतही मोजावा. सुरुवातीला आठवड्याला हजार ओढी पुरेत. थकलेली कंबर आठव्या मिनिटापासून गोल व्हायला लागते आणि ते आतून जाणवत नाही. त्यासाठी सोपा इलाज: दर सात-आठ मिनिटांनी तीस सेकंद थांबा, ताठ बसा, हात सैल सोडा. दम त्यानं बिघडत नाही.

याच हिशेबातून आणखी एका प्रश्नाचं उत्तर मिळतं. ‘रोइंग करतो, मग बारबेल रो सोडू का?’ नाही. तेहतीस किलोनं पाठ रुंद होत नाही.

## इंटरव्हल: एक मिनिट जोर, एक मिनिट आराम

इंटरव्हल म्हणजे जोराचे ठरावीक तुकडे आणि मध्ये ठरावीक विश्रांती. प्रकार पुष्कळ आहेत, पण लिफ्टरसाठी मला एक मिनिटाचा तुकडा सगळ्यात सोयीचा वाटतो. छाती धडधडायला तो पुरेसा लांब आहे आणि ओढीची घडी मोडण्याआधी संपतो. सहा तुकडे, मिनिटाला २६ ते २८ ओढी, मध्ये एक मिनिट. सुरुवातीला मधली विश्रांती दीड मिनिटाची ठेवली तरी चालेल. आधी पाच मिनिटं संथ वल्हवणं, नंतर तीन-चार मिनिटं.

नियम एकच: शेवटचा तुकडा पहिल्यापेक्षा दोन-तीन सेकंदांहून जास्त संथ होऊ नये. हा नियम का, ते आमच्या जिममधल्या एका मित्राच्या पहिल्या दिवशी दिसलं. वय ३६, वजन ९२ किलो, बँकेत बैठं काम, स्क्वॉट १७०, डेडलिफ्ट २०५. पहिलं मिनिट त्यानं १:३८ च्या वेगानं मारलं. आजूबाजूचे वळून बघायला लागले. पाचव्या मिनिटाला आकडा होता २:०६ आणि सहावं झालंच नाही. वॉटमध्ये बघा: ३७२ वरून १७५. ताकद निम्म्याहून खाली. आणि शेवटच्या दोन तुकड्यांत त्याचं बूड प्रत्येक ओढीला आधी सटकत होतं. म्हणजे त्यानं दम कमावला त्याहून जास्त वाईट सवय कमावली.

पुढच्या वेळी त्याला १:५२ वर बांधून ठेवलं. पहिली दोन मिनिटं तो कुरकुरत होता की हे फार सोपं आहे. सहाव्या मिनिटाला कुरकुर बंद झाली, पण आकडा १:५३ होता. सहा तुकडे सारखे जमले की पुढच्या आठवड्यात सातवा जोडायचा. आठ जमले की पुन्हा सहावर यायचं आणि वेग एक सेकंदानं वाढवायचा. बारवर पाच रेप जमल्यावर अडीच किलो चढवतो तोच हिशेब.

याहून छोटे तुकडेही असतात: पंधरा सेकंद पूर्ण जोर आणि पावणेदोन मिनिटं संथ. त्यानं धाप फारशी लागत नाही, पायांचा झटका टिकतो, थकवा कमी. उन्हाळ्यात बंद जिममध्ये किंवा झोप नीट झाली नसेल त्या दिवशी हे बरं. चार मिनिटांचे चार तुकडे, मध्ये तीन मिनिटं संथ, ही पद्धत दम वाढवायला प्रसिद्ध आहे आणि ती चालतेही. पण जोराच्या सोळा मिनिटांत मिनिटाला २६ धरल्या तर ४१६ ओढी होतात, त्याही दमलेल्या कमरेनं. जड डेडलिफ्ट चालू असताना मी ते सायकलवर करायला सांगेन.

## ‘पण कार्डिओनं ताकद जाते ना?’

या भीतीला आधार आहे. १९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी दहा आठवड्यांचा एक प्रयोग केला. एका गटानं फक्त वजनं उचलली, एकानं फक्त दमाचा व्यायाम केला, तिसऱ्यानं दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांची पायांची ताकद सुरुवातीचे सहा-सात आठवडे पहिल्या गटासारखीच वाढली, मग अडकली आणि शेवटच्या आठवड्यांत खाली आली. जिममध्ये ‘कार्डिओ मसल खातं’ म्हणतात त्याच्या मुळाशी असले निष्कर्ष आहेत.

पण तिसरा गट काय करत होता तेही बघा. आठवड्यात पाच दिवस वजनं आणि सहा दिवस जोरदार सायकल व धावणं. एकूण अकरा सत्रं, बहुतेक सगळी पायांवर. आठवड्यातून दोनदा हलकं आणि एकदा सहा मिनिटांचे इंटरव्हल हा मामला फार वेगळा आहे. इतक्या डोसात ताकद घटते ती बहुधा दोन कारणांनी: माणूस खायला वाढवत नाही, किंवा रोइंग चुकीच्या दिवशी ठेवतो.

धावण्यापेक्षा रोइंग लिफ्टरला सोयीचं का, याचं उत्तरही इथेच येतं. धावताना प्रत्येक पावलाला ९२ किलोचं शरीर जमिनीवर आदळतं आणि मांडीचे स्नायू ताणले जात असताना ब्रेक लावतात. दुसऱ्या दिवशीचा ठणका मुख्यतः त्या ब्रेकमुळे येतो. रोइंगमध्ये शरीर सीटवर असतं आणि परतीच्या वाटेवर जवळजवळ भार नसतो, म्हणून मांड्या दुखत नाहीत. त्या बदल्यात कंबर, पाठ आणि मूठ थकते, आणि डेडलिफ्टलाही नेमकं हेच तिन्ही लागतं.

## आठवड्यात बसवायचं कुठे

म्हणून वेळापत्रक डेडलिफ्टपासून मागे मोजत आखायचं. त्या मित्राचा आठवडा आधीपासून असा होता: सोमवारी स्क्वॉट, मंगळवारी बेंच, गुरुवारी डेडलिफ्ट, शुक्रवारी खांदे. इंटरव्हल तो स्वतःच्या मनानं बुधवारी करायचा, ‘मोकळा दिवस आहे’ म्हणून. गुरुवारी १८० किलो जमिनीला चिकटायचे आणि तो दोष झोपेला द्यायचा.

आम्ही इंटरव्हल सोमवारी स्क्वॉटनंतर नेले. जड दिवस आणखी जड झाला, पण पायांचा सगळा मार एकाच दिवशी आटोपला आणि गुरुवारपर्यंत दोन पूर्ण दिवस मिळाले. स्क्वॉट नेहमी आधी, रोइंग नंतर. उलट केलं तर बारखाली दम आणि पाय दोन्ही कमी पडतात. सकाळ-संध्याकाळ वेगळं जमलं तर अधिक चांगलं, पण बँकेत नोकरी करणाऱ्याला ते कुठून जमणार. मंगळवारी बेंचनंतर वीस मिनिटं स्थिर गती, कारण बेंचला कंबर लागत नाही. बुधवार खरोखर मोकळा. गुरुवारी डेडलिफ्ट, रोइंग शून्य. फार तर सुरुवातीला अंग गरम करायला तीन-चार मिनिटं. शुक्रवारी फक्त खांदे, कारण आदल्या दिवसाची कंबर अजून जड असते. शनिवारी सकाळी पंचवीस मिनिटं स्थिर, तीन भागांत तोडून.

ओढी मोजू. सोमवारी जोराच्या सहा मिनिटांत सुमारे १६५, आणि आधीच्या-नंतरच्या संथ वल्हवण्यात आणखी १६५. मंगळवारी ४००, शनिवारी ५००. एकूण बाराशेच्या वर जातात. म्हणून पहिले तीन आठवडे शनिवारची पंधरा मिनिटंच ठेवली, म्हणजे बेरीज हजाराच्या आसपास राहिली, आणि मग वाढवली.

आठ आठवड्यांनी मंगळवारच्या वीस मिनिटांत तो ४,२८५ मीटरवरून ४,५४५ वर आला. म्हणजे २:२० चं २:१२ झालं. साठ सेकंद थांबून मोजलेली नाडी तीच होती आणि गप्पा तशाच चालू होत्या. डेडलिफ्ट २०५ चीच राहिली, स्क्वॉट पाच किलोनं वाढला. त्याला स्वतःला जाणवलेला फरक निराळाच होता. स्क्वॉटच्या दोन सेटमध्ये पूर्वी पाच मिनिटं लागायची, आता तीन पुरतात.

## कंबर दुखली तर, आणि आणखी थोडं

वल्हवल्यावर कंबरेचे स्नायू दोन्ही बाजूंना सारखे जड वाटणं हा थकवा आहे, एका दिवसात जातो. पण दुखणं मध्यभागी टोचत असेल, बसून उठताना पकडत असेल किंवा पायात उतरत असेल तर मशीन बंद आणि डॉक्टर. छातीत दडपण आलं किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर इंटरव्हलच्या आधीच विचारून घ्या.

पहाटे साडेपाचला जिमला जाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात आणि उठल्यावरचा पहिला तासभर वाकणं त्यांना सोसत नाही. अंथरुणातून निघून वीस मिनिटांत मशीनवर शेकडो वेळा झुकू नका. आधी चाला, किंवा आधी बेंच उरका.

पाण्याच्या टाकीवर किंवा चुंबकावर चालणारं मशीन असेल तर वरचे स्प्लिट आणि वॉट तिथे लागू धरू नका. त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तिथे घड्याळ, मिनिटाच्या ओढी आणि बोलता येतंय का, या तीनच गोष्टी बघा. तुलना फक्त त्याच मशीनच्या मागच्या आठवड्याशी करा.

आणि कमाल वजन तपासायचा दिवस ठरला असेल तर त्याच्या सात-आठ दिवस आधी इंटरव्हल थांबवा. स्थिर गतीची एक पंधरा मिनिटं ठेवा, तीही चार दिवस आधीपर्यंतच. त्या मित्रानं मागच्या महिन्यात तसं केलं आणि २१२.५ उचलले. त्याच रात्री सोसायटीची लिफ्ट पुन्हा बंद होती, पण जिना चढल्यावर मला फोन करून तो सगळं सविस्तर सांगत होता.